सेंट्रिंगवाल्याचा रेझ्युमे: काम नऊ वर्षांचं, लेटरं पाच वर्षांची

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातल्या आमच्या साखळीकडच्या एका मुलाचं आहे. नाव बदललंय, इथे दत्तू म्हणू. वय एकतीस, शाळा नववीपर्यंत, त्यामुळे पासपोर्ट ईसीआरवाला, म्हणजे गल्फला कामाला जाण्याआधी सरकारी क्लिअरन्स लागणारा. नोव्हेंबर २०१४ पासून सेंट्रिंगच्या कामात, म्हणजे स्लॅब-कॉलम-बीमला साचा बांधणारा, ज्याला गल्फमध्ये शटरिंग कार्पेंटर म्हणतात. मी स्वतः अकरा वर्षं तिकडे होतो, शेवटी फोरमन म्हणून, आता गावीच असतो, म्हणून वाड्यावरची पोरं कागद घेऊन माझ्याकडे येतात. रेझ्युमे बनवणं हा काही माझा धंदा नाही, पण तिकडे असताना नवीन माणसांचे रेझ्युमे माझ्याच टेबलावर यायचे, त्यामुळे समोरचा माणूस त्यात काय शोधतो ते थोडंफार कळतं.

दत्तूच्या कामाचे तीन टप्पे होते. पहिली चार वर्षं डिचोलीकडच्या एका जुन्या काँट्रॅक्टरकडे, बंगले आणि दुमजली घरं, सगळं प्लाय आणि लाकडाचं काम, पगार रोख, आठवड्याला शनिवारी. मग एप्रिल २०१९ ते मार्च २०२१ उत्तर गोव्यातल्या एका मोठ्या प्रोजेक्टवर सबकाँट्रॅक्टर कंपनीत, तिथे पीएफ कापायचे. आणि जून २०२१ ते सप्टेंबर २०२४ पर्वरीकडच्या एका बिल्डिंग काँट्रॅक्टरकडे, तिथे अॅल्युमिनियमचं फॉर्मवर्क, म्हणजे साचा, ज्याला साइटवर सगळे मायवान म्हणतात.

यूएईतल्या एका कंपनीची डिमांड आली होती, शटरिंग कार्पेंटर, किमान पाच वर्षांचा अनुभव, आणि आठ वर्षांच्या वर असेल तर पगार जास्त. दत्तू म्हणाला, "भाऊ, मला नऊ वर्षं झाली, म्हणजे आपण वरच्या ग्रेडमध्येच." मी म्हटलं आधी कागद दाखव.

अडचण कुठे होती

त्याने फोनवर रेझ्युमे दाखवला, म्हापशाच्या एका झेरॉक्सवाल्याने बनवून दिलेला. दोन पानं. वरती फोटो, मग 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' म्हणून एक लांबलचक वाक्य की मला नामवंत संस्थेत काम करून संस्थेची प्रगती करायचीय, मग वडलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद: क्रिकेट आणि गाणी ऐकणे. कामाबद्दल एकच ओळ होती: 'सर्व प्रकारचं सिव्हिल वर्क, ९ वर्षं'. शटरिंग हा शब्द दोन पानांत एकदाही नव्हता. स्किल्समध्ये मात्र 'ऑटोकॅड बेसिक' होतं, ते कुठून आलं विचारलं तर म्हणाला त्याच्या फॉरमॅटमध्येच होतं.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रेझ्युमेवर जो ट्रेड लिहिलेला असतो त्याच ट्रेडची टेस्ट होते, त्याच नावाने ऑफर लेटर येतं आणि पुढे व्हिसावरचं पद आणि पगारही त्यावरच ठरतो. 'सर्व प्रकारचं काम' लिहिलेल्या माणसाला तिकडचा माणूस मल्टी-वर्कर समजतो, म्हणजे साध्या भाषेत हेल्पर, आणि हेल्परचा पगार कार्पेंटरच्या खाली असतो.

पण खरी अडचण रेझ्युमेच्या मागे होती. अनुभवाच्या पत्रांची फाईल उघडली तेव्हा कळलं. पहिल्या काँट्रॅक्टरचं पत्रच नाही. तो माणूस आजारी पडला, धंदा बंद केला, मुलगा आता हार्डवेअरचं दुकान चालवतो. दुसऱ्या कंपनीचं पत्र होतं पण त्यात पद 'वर्कर' आणि नाव 'दत्ता', पासपोर्टवर मात्र 'दत्ताराम' आणि पुढे वडलांचं नाव. तिसरीकडचं पत्र साइट इंजिनिअरने साध्या कागदावर लिहून सही केलेलं, शिक्का नाही, फोन नंबर नाही, आणि गंमत म्हणजे जॉइनिंगची तारीखच नव्हती, फक्त 'गेली तीन वर्षं' असं.

तिसऱ्या पत्रावरचं ते 'गेली तीन वर्षं' वाचून मला माझे जुने दिवस आठवले. तिकडे असं पत्र आलं की आम्ही बाजूला ठेवायचो, कारण त्यातून काहीच मोजता येत नाही, कुठून तीन वर्षं, कधीपर्यंत, पूर्णवेळ की महिन्यातून दहा दिवस.

समोरचे पर्याय

या टप्प्यावर एजंट आला. म्हणजे खरं तर एजंट नव्हे, एजंटचा माणूस, म्हापशाला बसायचा, मोबाइल रिचार्जच्या दुकानात एक टेबल टाकून. त्याने फाईल बघितली आणि अगदी सहज सांगितलं की पहिल्या चार वर्षांचं पत्र मी आणून देतो, मुंबईच्या एका फर्मचं, पाच हजार लागतील, शिवाय रेझ्युमेत आपण फॉर्मवर्कच्या 'पेरी, डोका, मायवान सगळ्या सिस्टिम' टाकू, सगळ्यांच्या टाकतो. एकूण पॅकेज पंच्याऐंशी हजार.

दत्तू दोन दिवस या विचारात होता आणि मी त्याला दोष देत नाही. चार वर्षं त्याने खरंच काम केलंय, फक्त पुरावा नाही, मग पत्र 'वेगळ्या' फर्मचं असलं तर फरक काय, असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हटलं, फरक असा की ती फर्म मुंबईची, आणि तू त्या चार वर्षांत मुंबईत एक दिवस राहिला नाहीस. इंटरव्ह्यूला विचारतील कुठल्या साइटवर होतास, जवळचं स्टेशन कुठलं, कोण इंजिनिअर होता, तर काय सांगशील. आणि खोटं निघालं तर ते चार वर्षांचं पत्र एकटं जात नाही, बाकीची खरी पाच वर्षंही सोबत घेऊन जातं.

म्हणजे पर्याय तीन. एक, एजंटच्या माणसाचं पत्र. दोन, पहिली चार वर्षं गाळून टाकायची आणि फक्त पत्र असलेली वर्षं दाखवायची. तीन, ती वर्षं लिहायची पण वेगळ्या जागी, पत्र नाही असं स्पष्ट सांगून, सोबत जो काही दुसरा पुरावा मिळेल तो.

खरं सांगतो, मी सुरुवातीला दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने होतो. सोपं होतं, स्वच्छ होतं. पण दत्तूची आई तिथेच चहा देत होती, ती म्हणाली, "मग तो चार वर्षं काय घरी बसलेला?" आणि तिचं बरोबर होतं, २०१४ ते २०१९ चा खड्डा दिसला तर समोरचा तोच प्रश्न विचारणार. तिसरा पर्याय घेतला.

काय केलं

पहिलं काम एजंट बदलणं. emigrate.gov.in वर नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटांची यादी असते, लायसन्स नंबर आणि वैधता दोन्ही दिसतं. म्हापशाच्या माणसाचं नाव तिथे असणं शक्यच नव्हतं, कारण लायसन्सशिवाय परदेशी नोकरीसाठी भरती करणंच बेकायदेशीर आहे, सबएजंट असा प्रकार कायद्यात नाही. पण ज्या डिमांडचा फोटो तो दाखवत होता त्यावर मुंबईच्या एका खऱ्या लायसन्सवाल्या एजन्सीचं नाव होतं. थेट तिथे फोन केला. त्यांनी सांगितलं की नियमाप्रमाणे सर्व्हिस चार्ज जास्तीत जास्त तीस हजार अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये, तेही पावती देऊन. पंच्याऐंशी हजारातले जवळपास पन्नास हजार कुणाच्या खिशात जाणार होते ते वेगळं सांगायला नको.

मग पत्रांच्या मागे लागलो. तिसऱ्या कंपनीपासून सुरुवात केली, कारण ताजं काम सगळ्यात जड. एक कागद मीच इंग्रजीत टाइप करून दिला, आठ-दहा ओळींचा: पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, पद शटरिंग कार्पेंटर, तारीख या दिवसापासून त्या दिवसापर्यंत, कुठल्या प्रकारची बिल्डिंग, किती मजली, काय काम केलं, आणि खाली सही करणाऱ्याचं नाव, पद, मोबाइल आणि ऑफिसचा नंबर. ऑफिसवाल्यांना स्वतःहून लिहायला सांगितलं की ते महिनाभर टाळतात, तयार मजकूर दिला की तपासून लेटरहेडवर काढतात. फक्त त्यातली प्रत्येक तारीख त्यांच्या रजिस्टरशी जुळली पाहिजे, म्हणून आम्ही तारखांच्या जागा रिकाम्या ठेवल्या, त्या त्यांनीच भरल्या. चार दिवसांत पत्र आलं, शिक्क्यासकट.

दुसऱ्या कंपनीचं मात्र अवघड गेलं, आणि हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शिकवणारा भाग. पत्रात जॉइनिंग एप्रिल २०१९ होती. दत्तूचा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, घेऊन पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री काढली तर तिथे जॉइनिंग जून २०१९. दत्तूला विचारलं तर म्हणाला, "हो भाऊ, पहिले दोन महिने मुकादमाच्या हजेरीवर होतो, नंतर कंपनीने नाव घातलं." म्हणजे दोन्ही तारखा आपापल्या जागी खऱ्या. मी कंपनीच्या एचआरला फोन केला, पद आणि नाव दुरुस्त करून द्या म्हणून, आणि एप्रिल तसंच ठेवा म्हणून. बाई एकदम सावध झाल्या. नाव आणि पद बदलतो, म्हणाल्या, पण तारीख जूनच करणार. मला दोन मिनिटं कळलंच नाही, मग डोक्यात उजेड पडला: एप्रिल लिहिलं तर दोन महिने पीएफ भरला नाही हे त्यांच्याच लेटरहेडवर कबूल होतं. पहिलं पत्र साइटवरच्या कुणीतरी न विचारता दिलं होतं.

इथे भांडायचं की सोडायचं? दत्तू भांडायच्या मूडमध्ये होता. मी हिशोब मांडला. जून २०१९ ते मार्च २०२१ म्हणजे एक वर्ष दहा महिने. जून २०२१ ते सप्टेंबर २०२४ म्हणजे तीन वर्षं चार महिने. बेरीज पाच वर्षं दोन महिने. डिमांड पाच वर्षांची. दोन महिने गेले तरी आपण रेषेच्या वर राहतो, आणि पत्र आणि पीएफ दोन्ही एकच तारीख बोलतात. सोडून दिलं. बेरीज चार वर्षं अकरा महिने आली असती तर मात्र काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे सोपं नाहीये.

आता पहिली चार वर्षं. काँट्रॅक्टरच्या घरी गेलो. म्हातारा पात्रांव, म्हणजे मालक, पडवीत खुर्चीवर, बोलणं जड झालेलं, पण दत्तूला ओळखलं आणि हातानेच ओळंबा सोडल्यासारखं करून हसला. मुलाने सांगितलं की लेटरहेड कधीच नव्हतं, बिलबुकं वाळवीने खाल्ली. बाबांच्या नावाने मी सही करू का, असं त्याने विचारलं, आम्हीच नको म्हटलं. निघता निघता दत्तूला आठवलं की त्याच्याकडे बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं कार्ड आहे. ते काढायला वर्षभरात किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि २०१६ आणि २०१७ चे दाखले याच पात्रांवने सही केलेले, झेरॉक्स त्याच्या आईने रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेली. चार वर्षं पूर्ण त्यातून सिद्ध होत नाहीत. पण तेव्हाच्या तारखेचा, तेव्हाच दिलेला कागद आहे, आज मागून बनवलेला नाही, ही गोष्ट वाचणाऱ्याला कळते.

रेझ्युमे नव्याने एका पानावर बसवला. सगळ्यात वर नाव आणि लगेच खाली मोठ्या अक्षरात ट्रेड: शटरिंग कार्पेंटर, प्लाय आणि अॅल्युमिनियम फॉर्मवर्क. पासपोर्ट नंबर, वैधता, ईसीआर, फोन. मग 'पत्रासह अनुभव ५ वर्षं २ महिने', खाली दोन कंपन्या, नवीन आधी. मग वेगळी ओळ: 'त्याआधी नोव्हेंबर २०१४ ते डिसेंबर २०१८, गोव्यात घरबांधणी, पत्र नाही, कामगार मंडळाचे २०१६ आणि २०१७ चे दाखले जोडलेत'. छंद, धर्म, ऑब्जेक्टिव्ह सगळं उडवलं, आणि ऑटोकॅड अर्थातच.

स्किल्सच्या भागावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घातली. मी त्याला म्हटलं, तू लिहायचं नाहीस, तू बोलायचं, सकाळी साइटवर गेलास की काय करतोस ते. तो बोलत गेला: लेआउटच्या मार्किंगवरून स्टार्टर घालतो, कॉलमचा बॉक्स उभा करतो, दोन बाजूंनी ओळंबा, बीमचा तळ, मग साइड, स्लॅबला जॅक आणि रनर, लेव्हल दोरीने. अॅल्युमिनियममध्ये पॅनल नंबरप्रमाणे लावणं, पिन-वेज मारणं, किकर, स्लॅब खोलताना प्रॉप हेड हलवायचा नाही. यातलं जे तो स्वतः हाताने करतो तेवढंच लिहिलं. 'ड्रॉइंग रीडिंग' लिहायचं का यावर थांबलो. कॉलम आणि बीमचा लेआउट त्याला कळतो, ग्रिड, साइझ, लेव्हल, पण फॉर्मवर्कचं पूर्ण शॉप ड्रॉइंग त्याने वाचलेलं नाही. म्हणून 'कॉलम-बीम लेआउट वाचता येतो' इतकंच. पेरी आणि डोका या सिस्टिम त्याने बघितल्यात, लावलेल्या नाहीत, त्या घातल्याच नाहीत.

एक चूक माझी. मला वाटलं साइटचे फोटो जोडले तर छाप पडेल, तर मी सोळा फोटो घातले आणि पीडीएफ चौदा एमबीची झाली. एजन्सीच्या मुलीचा फोन, "काका, उघडतच नाहीये, आणि फोटो कुणी बघत नाही." फोटो काढले, सगळे कागद एकाच फाईलमध्ये क्रमाने लावले, आधी रेझ्युमे, मग पासपोर्टची पुढची-मागची बाजू, मग पत्रं नवीन आधी, मग मंडळाचे दाखले. दोन एमबीच्या आत बसली. फाईलचं नाव आधी `new final 3.pdf` होतं, ते `DATTARAM_SHUTTERING_CARPENTER.pdf` केलं, कारण तिकडे एका फोल्डरमध्ये अशा पन्नास फाईली असतात आणि शोधणारा ट्रेडने शोधतो.

मुंबईची ट्रेड टेस्ट

टेस्ट मुंबईत एका टेस्ट सेंटरवर होती. कंपनीचा माणूस स्वतः आलेला, केरळचा, चाळीशीचा, हातात रेझ्युमेची प्रिंट. दत्तूने नंतर सगळं सांगितलं ते असं.

आधी बोलणं. रेझ्युमेवरच्या 'पत्र नाही' या ओळीवर त्या माणसाने बोट ठेवलं आणि विचारलं का नाही. दत्तूने सरळ सांगितलं, मालक आजारी, धंदा बंद, हे दाखले. तो माणूस मान हलवून पुढे गेला. मग विचारलं, साध्या स्लॅबखालचे सपोर्ट कधी काढतोस. दत्तू म्हणाला, इंजिनिअर सांगेल तेव्हा, आमच्याकडे साडेचार मीटरपर्यंतच्या स्पॅनला सात दिवस, त्याहून मोठा असेल तर चौदा. कॉलमच्या साइड दुसऱ्या दिवशी. आपल्याकडच्या काँक्रीटच्या आयएस ४५६ कोडमध्ये असेच आकडे आहेत, दत्तूने कोडचं नाव ऐकलेलं नाही, पण पात्रांवकडे शिकलेले आकडे तेच निघाले.

मग हाताचं काम: ४०० बाय ४०० कॉलमचा बॉक्स, १८ एमएम प्लाय, एक फूट उंचीचा नमुना. बघायला सोपं, पण इथेच खरा-खोटा कळतो. चारही बाजू ४०० च्या कापल्या तर बॉक्स आतून ४०० भरत नाही. दोन बाजू ४०० आणि दोन बाजू दोन्हीकडच्या प्लायची जाडी धरून ४३६ कापायच्या. दत्तूने पट्टीवर खूण करताना आधी प्लायची जाडी मोजली, लिहिलेल्या १८ वर विश्वास ठेवला नाही, तेव्हाच म्हणे तो माणूस जवळ येऊन उभा राहिला. बॉक्स जोडून झाल्यावर दत्तूने गुण्या लावला, मग आतले दोन्ही कर्ण मोजले, दोन्ही ५६६ आले, तेव्हा खिळे पक्के केले.

त्याच बॅचमध्ये आपल्याच भागातला दुसरा एक मुलगा होता, म्हापशाच्या त्या टेबलवरून आलेला, पॅकेजवाला. त्याच्या रेझ्युमेवर पेरी-डोका होतं. त्याला विचारलं वॉल पॅनलला टाय रॉड कुठल्या जाडीचा वापरलास आणि नट कुठला, तर गप्प. त्याला बॉक्सपर्यंत जाऊच दिलं नाही. वाईट वाटलं, कारण दत्तू म्हणतो तो मुलगा हाताने वाईट नव्हता.

निकाल

दत्तू सिलेक्ट झाला, पण खालच्या ग्रेडमध्ये. ऑफर पाच ते आठ वर्षांच्या पगाराची आली, महिना ११०० दिरहॅम आणि जेवण. आठच्या वरच्यांना १२५०. म्हणजे पत्र नसलेल्या चार वर्षांची किंमत दीडशे दिरहॅम, दर महिन्याला, दोन वर्षांच्या करारभर. त्याला वाईट वाटलं, मलाही. एजन्सीला विचारलं की मंडळाचे दाखले धरून वरची ग्रेड देता येईल का. उत्तर आलं की कंपनी फक्त पत्र मोजते, दाखल्यांमुळे फक्त खड्डा का आहे हा प्रश्न मिटला.

तीन आठवड्यांनी पर्वरीच्या कंपनीला यूएईतून व्हेरिफिकेशनचा फोन गेला. विचारलं काय, तर तीनच गोष्टी: नाव, पद, तारखा. पत्रावर मोबाइल आणि ऑफिस दोन्ही नंबर होते म्हणून लागला, कारण ज्या मॅनेजरची सही होती तो तोवर नोकरी सोडून गेला होता, ऑफिसच्या नंबरवर दुसऱ्याने रजिस्टर बघून उत्तर दिलं.

ईसीआर पासपोर्ट असल्यामुळे एमिग्रेशन क्लिअरन्स एजन्सीने ई-मायग्रेटवर केलं, दहा लाखांचा प्रवासी भारतीय बीमा काढला, जाण्याआधीचं एक दिवसाचं ओरिएंटेशन झालं. ऑफर लेटर आणि तिकडच्या करारावर दोन्हीकडे पद 'शटरिंग कार्पेंटर' आहे ना, एवढं मी स्वतः वाचून बघितलं. मधे म्हापशाच्या माणसाने एकदा फोन करून सांगितलं होतं की व्हिजिट व्हिसावर लगेच पाठवतो, क्लिअरन्सची कटकट नाही. दत्तूने फोन कट केला.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, पत्र नोकरी सोडताना त्याच आठवड्यात घ्यायचं. दत्तूने पात्रांवकडून २०१८ च्या डिसेंबरमध्ये साध्या कागदावर, तारखांसकट, मंडळाच्या दाखल्यासारखं एखादं पत्र घेतलं असतं तर कदाचित वरची ग्रेड मिळाली असती, कदाचित नाही. पण तेव्हा पात्रांव बरा होता.

दुसरं, पीएफची सर्व्हिस हिस्ट्री आधी काढायला हवी होती आणि पत्रं नंतर. मी उलट केलं, म्हणून एचआरच्या बाईंना दोनदा त्रास दिला. पोर्टलवरच्या तारखा आधी हातात असल्या की पत्रात कुठली तारीख मागायची हे बोलण्याआधीच ठरतं.

तिसरं, मी मंडळाचे दाखले रेझ्युमेच्या शेवटी जोडले, पण त्यातल्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं होतं हे माझ्या लक्षातच आलं नाही. टेस्टवाल्याने ते पाहिलं असतं आणि विचारलं असतं तर दत्तूकडे उत्तर नव्हतं. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं नोटरीचं एक प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवायला हवं होतं. ते आम्ही आता केलंय, दत्तू जाण्याच्या आदल्या दिवशी, साखळीला.

दोन वर्षांनी करार संपेल तेव्हा पत्रांची बेरीज सात वर्षं दोन महिने होईल, आठला अजून दहा महिने कमी. गेल्या आठवड्यात त्याने तिकडून पहिल्या महिन्याची सॅलरी स्लिप व्हॉट्सअॅपवर पाठवली, पद बरोबर, आकडा बरोबर. मी उत्तर दिलं की ही गॅलरीत ठेवू नकोस, स्वतःला ईमेल कर. अजून केलेलं नाहीये.